खालची बेरीज

शिरपूरच्या क्लासमधल्या हितेंद्र सरांनी चाचणीची उत्तरतालिका बनवली ती एका हातात केळीचे वेफर्स धरून. तेविसावा प्रश्न होता: ॲल्युमिनियम-२७ वर अल्फा कण आदळून न्यूट्रॉन बाहेर पडला, तर मागे काय उरलं? त्यानं वरचे आकडे जुळवले. सत्तावीस नि चार एकतीस, तीस नि एक एकतीस. सिलिकॉन-३० वर खूण केली आणि गडी मोकळा.

मूळचा फैजपूरचा. नायट्रोजनवर अल्फा आदळून ऑक्सिजन-१७ नि प्रोटॉन कसे होतात, हे तो झोपेतही सांगेल. "वर न्यूक्लिऑन, खाली विद्युतभार. दोन्ही जुळल्याशिवाय उठायचं नाही," असं मुलांना रोज बजावायचा. स्वतः उठला.

त्या चाचणीवर वसतिगृहाच्या मोफत वीस जागा ठरत होत्या. यादी लागली, पालकांच्या सह्या संध्याकाळी पाचपर्यंत. तीन वाजता एकविसावी आलेली ललिता पेपर घेऊन पुढ्यात उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, बाहेर बाकावर वडील गाठोडं घेऊन बसलेले.

"सर, खाली बघा ना. ॲल्युमिनियमचे तेरा, अल्फाचे दोन, पंधरा झाले. न्यूट्रॉनला भारच नाही. मग पंधरा कोणाकडे गेले?"

"फॉस्फरसकडे," तो म्हणाला आणि त्यानं तालिका पुढ्यात ओढली. सिलिकॉनचे चौदाच. सिलिकॉन यायला न्यूट्रॉनऐवजी प्रोटॉन निघायला हवा होता.

"तसा फॉस्फरस-३० अडीच मिनिटांत निम्मा सिलिकॉनच होतो," त्यानं एक दुबळी फांदी धरली.

"पण सर, प्रश्न आदळल्यावरचा आहे."

फांदी तुटली. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. म्हणजे पोरीचे पाच गुण त्यानं वेफर्सबरोबर खाल्ले होते. तो ऑफिसात दोनदा आत-बाहेर झाला, पाणी न पिताच ग्लास ठेवला.

कारकून नवलभाऊ मान वर न करता म्हणाला, "सर, यादी लागी गई. आते काय शे?"

"तेविसाव्याचं उत्तर बदलायचं."

"आन् ज्यास्नी सिलिकॉन लिखं?"

तेच त्याला नको होतं. विसाव्या आलेल्या डिंपलनं सिलिकॉनच लिहिलं होतं. तिचे पाच गुण जाणार होते, आणि तिच्या वडिलांनी सकाळीच पेढे वाटले होते.

पावणेपाचला नवी यादी लागली. ललिताच्या वडिलांनी पेन मुठीत धरून सावकाश सही केली. हितेंद्रनं डिंपलच्या घरी फोन लावला.

"तालिकेत थोडी तांत्रिक चूक होती," तो म्हणाला.

"कोणाकडून झाली, सर?" वडिलांनी शांतपणे विचारलं.

"बघतो, नाना. कळवतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

याला आता दोन आठवडे झाले. कळवायचं अजून राहिलंय.