गळती झाकणार नाय

हौसा भगत वीस वर्षं पनवेलमध्ये वॉटरप्रूफिंगची कामं घेते. कामोठ्यात डॉक्टर हेतलच्या नव्या दवाखान्याच्या बाथरूमचं काम तिच्याकडे होतं, आणि उद्घाटन रविवारी होतं. बुधवारी हौसाने स्वतःच हेतलला फोन केला.

"मॅडम, गळती तपासायला बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं, तर खालच्या मजल्याच्या छताला ओल आली. पाइपाजवळ आमचंच काम चुकलंय. उखडून पुन्हा करायला आठ दिवस लागतील."

"टाइल्स लावून टाका, नंतर बघू."

"गळती झाकून मी काम देणार नाय. पुढच्या दोन खोल्या रविवारी चालू करा, नायतर उद्घाटन पुढं ढकला. दोन्ही नको तर दुसरा माणूस बघा."

 हेतल म्हणाली, "दोन खोल्या चालतील."

रविवारी पाहुण्यांनी बंद बाथरूमचं कारण विचारलं. हौसाने सगळ्यांसमोर सांगितलं, "काम आमचंच चुकलं, उखडून पुन्हा करतोय."