आत्याच्या तोंडची अडतीस सेकंदं

झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत व्हिडिओ जोडण्याचं काम चाले, आणि तिथं तिला सगळे कात्री म्हणत. बावीस वर्षं ती लोकांची लग्नं, बारशी, निरोपसमारंभ कापत आली होती. नावाचा तिला राग नव्हता. राग यायचा तो भलतीकडे कापायला सांगणाऱ्यांचा.

सणाच्या आधीच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं. परदेशातल्या भावाच्या कुटुंबासाठी त्याला शुभेच्छांचा व्हिडिओ हवा होता. चार नातेवाइकांनी आपापल्या गावाहून, आपापल्या बोलीत मोबाइलवर बोलून पाठवलं होतं. गिऱ्हाइकाने स्वतःच्या शुभेच्छांचाही एक तुकडा दिला होता. भावाच्या मुलांना मराठी कळत नसे, म्हणून खाली इंग्रजी ओळी द्यायच्या होत्या. किनाऱ्याकडचे काका "बरे आसात मा सगळे?" म्हणून हसत होते. घरातली सगळ्यांत थोरली आत्या मात्र ओसरीवर ताठ बसून थेट कॅमेऱ्यात बघत होती.

"लेकरांनो, जितं हायसा तितं सुकात ऱ्हावा. पाय दुखंस्तवर चाला, पर घराची वाट इसरू नगासा..." असं अडतीस सेकंद. एकेका पोराचा उल्लेख करून. थोरल्याला दम्याची काळजी घ्यायला सांगून, धाकटीला केस कापलेस ते बरं दिसतंय म्हणून.

कात्रीने त्याच्या नऊ ओळी पाडल्या. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, आणि वाचून होईपर्यंत टिकतील इतक्याच शब्दांच्या. त्या दोन ओळींत आशीर्वाद मावेपर्यंत तिने तीनदा चहा गार केला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने ते पाहिलं आणि घसा खाकरला.

"आत्याचा आवाज बंद करा. चेहरा राहू दे, मागे संगीत टाका. खाली एकच ओळ द्या, सर्वांना सणाच्या हार्दिक शुभेच्छा."

"का हो?"

"वहिनीच्या माहेरचे बघणार. भावाचे ऑफिसातले लोकही. आत्याचं बोलणं जरा... तुम्ही समजून घ्या."

"काकांचं नाही बंद करायचं?"

"काकांचं गोड वाटतं."

कात्रीने मालकाकडे पाहिलं, तर तो पंख्याकडे बघत होता. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "बाई, पैसे त्याचे, आत्या त्याची. आपल्या बापाचं काय जातं?"

"तोंड आत्याचं आहे," ती म्हणाली.

तिचा एक नियम होता. ओळी पक्क्या करण्याआधी, ज्याच्या तोंडाखाली त्या बसायच्या त्याला फोनवर अर्थ वाचून दाखवायचा. नको ते कुणाच्या तोंडी जायला नको, म्हणून. नियम मालकानेच कधीतरी घातला होता. एका मामाच्या शुभेच्छा भलत्याच नवरीमुलीला गेल्या होत्या तेव्हा. तिने काका वगैरे आटोपले आणि आत्याला फोन लावला.

"आत्या, तुमच्या खाली लिहिलंय, सर्वांना सणाच्या हार्दिक शुभेच्छा."

पलीकडे कोंबडी ओरडली. मग आत्या म्हणाली, "ह्ये मी कवा म्हनले?"

"नाही म्हणालात."

"मग माझं बोलणं कुटं गेलं?"

"आवाज बंद करायला सांगितलाय."

कात्रीचे कान तापले, जणू आवाज तिनेच बंद केला होता.

"त्याला सांग," आत्या शांतपणे म्हणाली, "बोलणं नगं तर थोबाडबी नगं. काढून टाक मला."

कात्रीने अक्षरही न बदलता निरोप पोचवला. संध्याकाळी गिऱ्हाईक तणतणत जिना चढून आलं.

"तुम्हाला तिला फोन करायला कुणी सांगितलं होतं? दादाची मुलं रोज विचारतात, आजीआत्या आहे ना? आता ती माझा फोन उचलत नाही. कुणाला विचारून केलंत हे?"

"ज्यांचं तोंड आहे त्यांना विचारून." तिचा आवाज चढला नाही. तिने आत्याची फाइल उघडली. "तुम्ही हे सबंध ऐकलंत का? एकदा तरी?"

मालक पुढे झाला, मागे सरला. गिऱ्हाईक खुर्चीच्या कडेवर टेकलं. तिने आवाज चालू केला, जुन्या नऊ ओळी लावल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दम्याची गोष्ट आली, केसांची आली. शेवटी आत्या म्हणाली, "आनि माझ्या इथल्या पोराची काळजी करू नगासा, तो माझं सगळं बगतो."

इथलं पोर म्हणजे तोच. गिऱ्हाइकाने मान खाली घातली. माफीचा शब्द काही निघाला नाही. निघणार नाही हे कात्रीला ठाऊक होतं, म्हणून राग उतरला नाही.

"राहू द्या आवाज," तो म्हणाला.

"ते मला नका सांगू. आधी आत्यांना सांगा."

त्याने बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला. तिसऱ्यांदा तो उचलला गेला. थोड्या वेळाने दारातून हात पुढे आला, फोन कात्रीकडे.

"राहू दे मला," आत्या म्हणाली. "जसं बोलले तसंच."

जाता जाता तो थांबला. "माझं जरा कागदावरचं वाचल्यासारखं वाटतंय. परत पाठवू का?"

"तुमचं आहे तसंच राहील," कात्री म्हणाली, आणि फाइल बंद केली.