आईचे पंचेचाळीस उल्लेख

जुळे सोलापुरातल्या एका छोट्या जाहिरात कंपनीत मी काम करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक चादरी-टॉवेलचा कारखाना आमचा ग्राहक होता. त्यांचा महिन्याचा रिपोर्ट माझ्याकडे असायचा. त्यात सगळ्यात आधी मालक एकच आकडा बघायचे, शेअर ऑफ व्हॉइस. म्हणजे त्यांचा ब्रँड आणि तीन स्पर्धक, या चौघांची नावं लोकांनी इंटरनेटवर मिळून जितक्या वेळा घेतली, त्यात आपलं नाव किती टक्के. गणित शाळेतलंच. आपले उल्लेख भागिले चौघांचे एकूण उल्लेख, गुणिले शंभर.

बाबा गेल्यावर आईला मी बार्शीहून माझ्याकडे आणलं होतं. मी सकाळी नऊला बाहेर पडायची, ती दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. फोन मीच घेऊन दिला, अकाउंटही मीच काढून दिलं, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलं. एकदा जेवताना मी वैतागून बोलून गेले, "आमच्या चादरीचं नाव कुणी घेतच नाही गं. एकोणीस टक्के फक्त. असंच चाललं तर मालक काम काढून घेतील."

"मग तुझी नोकरी जाईल व्हय?"

"जाऊ पण शकते," मी म्हणाले आणि विसरून गेले.

पुढच्या महिन्यात आमचे उल्लेख शहाण्णव भरले. स्पर्धकांचे चौऱ्याऐंशी, बहात्तर आणि अठ्ठेचाळीस. एकूण तीनशे, आमचे बत्तीस टक्के! मी आनंदाने रिपोर्ट आमच्या ऑफिसातल्या सरांपुढे ठेवला.

सर म्हणाले, "जाहिरात तर आपण वाढवली नाही. एकदम वाढलं कशानं? कोणी लिहिलंय ते लावून बघ."

मी शीट लिहिणाऱ्याच्या नावाने लावली. एकाखाली एक पंचेचाळीस ओळी एकाच अकाउंटच्या आल्या. जास्वंदीचं फूल. रेसिपीच्या आणि घर आवरायच्या व्हिडिओंखाली आईने कमेंट केल्या होत्या, प्रत्येकीत आमच्या चादरीचं नाव.

 सरांना खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "आपल्या माणसांचे उल्लेख धरायचे नाहीत. काढून टाक. आणि नुसते आपल्या आकड्यातून वजा करू नको, एकूणमधूनही जातात ते." मी मनातल्या मनात तेच केलं होतं, एक्कावन्न भागिले तीनशे, सतरा टक्के. खरा हिशोब एक्कावन्न भागिले दोनशे पंचावन्न. वीस टक्के.

घरी आले ती तणतणतच. आई भाजी निवडत होती.

"काय लिहीत बसलीस तू सगळीकडे? माझा रिपोर्ट खोटा ठरला असता! सरांसमोर मान खाली गेली माझी."

"तूच म्हणालीस की, नाव कोण घेत न्हाय म्हणून. म्या घेतलं."

"असं नसतं ते, आई! आता एक अक्षर लिहू नकोस कुठं."

"न्हाय लिहीत," ती म्हणाली, आणि फोन फ्रिजवर ठेवून दिला.

मालकांनी वीस टक्के मुकाट्याने स्वीकारले. काम राहिलं, माझी नोकरीही राहिली. आईने मात्र खरंच पुन्हा काही लिहिलं नाही. मी विचारलं की म्हणायची, "डोळं दुखत्यात." चार महिन्यांनी, मी ऑफिसात असताना, ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेरावं झाल्यावर कामावर गेले तेव्हा जुनी शीट उघडली. वगळलेल्या ओळी वेगळ्या पानावर ठेवायची आमची पद्धत आहे. त्या पंचेचाळीस कमेंट मी मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. त्या दिवशी वाचल्या.

"शेंगाचटणी आमी बी अशीच करतो. हे असते तर त्यास्नी लई आवडली असती. चादर घ्यायची तर हीच घ्या." चादरीचं नाव शेवटी, कसंबसं जोडलेलं. दुसरी: "ताई, तुमी बोलता ते बरं वाटतं. लेक कामाला जाते, सहापर्यंत घरात कुनी नसतं." आणि पुन्हा चादर.

शेजारच्या लिंकवर टिचकी मारली. या कमेंटखाली कोल्हापूरकडच्या एका बाईने लिहिलं होतं, "मी पण एकटीच असते हो. रोज बोलत जाऊ." आणि पंधरा दिवसांनी तिचंच, "ताई, बऱ्या आहात ना? बरेच दिवस दिसला नाहीत."

दोन्हींना उत्तर नव्हतं. मी लिहू नको म्हटलं होतं.

ऑफिसात सगळे आपापल्या कामात होते. मी त्या बाईंना लिहिलं, "मी त्यांची मुलगी. आई गेल्या महिन्यात गेली." पुढे सुचेना. तेवढंच पाठवलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.