पडद्यावरचं अक्षर आणि कागदावरचं अक्षर

आखाडा बाळापूरला रोडवर आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, रबरी शिक्के, बॅनर, वाढदिवसाचे स्टिकर, जे येईल ते. डिझाइन मी करते. आमचे हे गिऱ्हाईक सांभाळतात, म्हणजे गिऱ्हाइकाशी गप्पा हाणतात आणि चहा मागवतात.

आमच्याकडचा माणूस माप सेंटिमीटरमध्ये सांगत नाही. "नाव चार बोटं पायजे", "फोटू वीतभर घ्या", असं असतं. नुसतं सांगून थांबत नाहीत, उठून येतात आणि हात थेट पडद्यावर ठेवतात. काच पुसून पुसून माझा जीव जायचा. पण चूक त्यांची नव्हती. डोळ्यांनी बघायचं आणि हातानं मापायचं, हाच इथला कारभार. म्हणून मी पडदाच खरा करून ठेवला होता. सॉफ्टवेअरला समोरचा पडदा केवढा आहे हे आपोआप कळत नाही. त्याला फक्त ठिपके कळतात. आपल्या पडद्यावर एका इंचात किती ठिपके बसतात तो आकडा एकदा त्याला सांगावा लागतो. मग 'खरा आकार' दाबलं की व्हिजिटिंग कार्ड पडद्यावर कार्डाएवढंच दिसतं. खरं कार्ड काचेवर धरलं तर कडेला कड लागते. आमच्या मॉनिटरचा आकडा एकशेदोन होता. तो मी पट्टी लावून काढला होता आणि त्याचा मला गर्वही होता, खोटं कशाला बोलू.

दिवाळीत ह्यांनी मॉनिटर काढून भिंतीवर बत्तीस इंची टीव्ही टांगला. "गिऱ्हाइकाला लांबून दिसलं पायजे," म्हणे. दिसायला लागलं. गर्दीही वाढली. मधूनच एखादा शिक्का हातात घेऊन कुरकुरायचा, "पडद्यावर तर मोठा होता की हो!" त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "भाऊ, टीव्हीवर सगळंच मोठं दिसतं." माणूस हसायचा आणि जायचा. मीही कामाच्या रगाड्यात होते, शिक्क्याची कुरकुर कोण मनावर घेतं?

अशातच आबा आले. डोंगरकड्याकडच्या एका खेड्यातले. आमच्या भागात ज्यांनी चार लग्नं खाल्ली आहेत त्यांना आबांचा आवाज माहीत आहे. मंगलाष्टकं म्हणायला त्यांना गावोगाव बोलावतात. भटजी विधी करतात, पण माइक आबांच्या हातात असतो. चाल त्यांची, शब्द त्यांचे, आणि त्या शब्दांत दोन्हीकडच्या घरांची नावं गुंफलेली. नवरीचा आजा, मामा, आत्या, कोणाचं गाव कोणतं, सगळं यायला पाहिजे. एक मामा राहिला की मांडवात रुसवा ठरलेला. शब्द पाठ असतात, नावं दर लग्नाला नवी, म्हणून हातात कागद लागतो.

आता नातीचंच लग्न होतं. आणि आबांची नजर गेली होती. पुरती नाही, पण मधोमध धूसर. मोतीबिंदू काढून झाला होता, दुखणं डोळ्याच्या आतल्या पडद्याचं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर येणार नाही, आहे तेवढी सांभाळा.

"ताई," आबा म्हणाले, "शंभर लग्नांत दुसऱ्याच्या लेकी बोळवल्या. आपल्या पोरीला मी म्हणलं न्हाई तर मग कशाला जगून राहिलो? अक्षर एवढं मोठं काढा की मला दिसलं पायजे. केवढं, ते मी सांगतो."

आबांनी हात लांब केला. माइकजवळ उभं राहून कागद जेवढ्या अंतरावर धरतात, तेवढ्याच अंतरावर ते टीव्हीसमोर उभे राहिले. मी त्यांची नावं घातलेली मंगलाष्टकं पडद्यावर घेतली, 'खरा आकार' दाबला आणि अक्षर एकेक पायरीनं वाढवत गेले. चोवीस पॉइंटवर ते चाचरले. तीसला मामाच्या गावापाशी अडखळले. छत्तीसला सगळी ओळ घडाघडा वाचली, वर चालही लावली. दुकानात शिक्का न्यायला आलेले दोघं काम विसरून ऐकत राहिले.

"बस! इथंच थांबा," आबा म्हणाले. "आता फिकीर न्हाई."

मी छत्तीसनं सगळे कागद छापले, कडक फायलीत घालून दिले. त्यांची सून त्यांना घेऊन गेली.

आठवडा झाला असेल. सून पुन्हा आली, मांडवावरचा बॅनर सांगायला. बॅनरचं बोलून झालं तरी ती उठेना. मी विचारलं, आबांची तयारी कुठवर आली?

"ते म्हणणार न्हाईत," ती म्हणाली. "डीजेवाल्याला पेन ड्राइव्हवर मंगलाष्टकं आणायला सांगितली."

"काहून?"

"तुमच्या इथं दिसत होतं ना त्यांना? घरी जाऊन फाइल उघडली तर एक ओळ धड वाचता येईना. उन्हात नेली, बल्बाखाली नेली. मग म्हणले, सकाळी दिसत होतं, सांजच्याला गेलं. संपलं आता. तवापासून हात धरून न्यावं लागून राहिलं. ताटातली भाजी कोणती ते विचारतात. एका जागी बसून असतात."

"कागदावर काही बोलले का? अक्षर बारीक आहे वगैरे?"

"न्हाई हो. कागदाला काहून बोलतील? अक्षर तर त्यांनीच ठरवलं होतं."

आधी मला रागच आला. असा कसा माणूस एका फायलीवरून हार मानतो! तिला म्हटलं, एक कागद आण. ती म्हणाली, पिशवीतच आहे, बॅनरवरच्या नावांसाठी आणला होता. मी कॉम्प्युटरवर आबांचं काम उघडलं, 'खरा आकार' दाबला आणि छापलेला कागद टीव्हीवर धरला.

पडद्यावरचं अक्षर कागदावरच्या अक्षरापेक्षा जवळजवळ दीडपट होतं.

पट्टी आणली. पडद्यावर दहा सेंटिमीटरची रेघ काढली आणि मापली. पंधराच्या आसपास भरली. मग सगळं लख्ख कळलं. सॉफ्टवेअरमध्ये आकडा अजून जुन्या मॉनिटरचाच होता, एकशेदोन. ठिपके आडवे-उभे दोन्ही पडद्यांना तितकेच, पण टीव्हीचं अंग मोठं, त्यामुळे त्याच्या एका इंचात ते एकोणसत्तरच बसतात. सॉफ्टवेअर बिचारं इमानदारीनं एकशेदोन ठिपके मोजून इंच काढत होतं, आणि टीव्हीवर तो इंच दीड इंच होऊन पसरत होता. छपाई बराबर होती. आबांनी छत्तीसचं म्हणून जे वाचलं, ते खरं तर त्रेपन्नचं अक्षर होतं.

"बघा," मी ह्यांना म्हटलं, "टीव्हीवर सगळंच मोठं दिसतं ना? म्हातारा घरी आंधळा होऊन बसला की तुमच्या टीव्हीपायी!"

"मी काय केलं? मी तर फक्त टांगला," हे म्हणाले. खरंच होतं ते, पण मला ते ऐकायचं नव्हतं. मी इतकी ओरडले की समोरचा पानवाला डोकावून गेला.

मग बसले. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मोजपट्टी जुळवायचं पान असतं, तिथं पडद्यावर एक आडवी आणि एक उभी पट्टी येते. त्यावर आपली खरी पट्टी ठेवायची आणि इंचाला इंच लागेपर्यंत आकडा कमी-जास्त करायचा. आडव्याला एकोणसत्तरवर लागलं, उभ्यालाही. पुन्हा 'खरा आकार' दाबून आबांचा कागद धरला. कान्याला काना, मात्रेला मात्रा बसली. सून माझ्या खांद्यावरून बघत होती, तिला ठिपक्यांचं काही कळलं नाही, पण हे कळलं. "म्हणजे त्यांची नजर आहे तेवढीच आहे," ती म्हणाली.

अक्षर चोपन्न केलं. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून साठचाही एक संच काढला. एका पानाची तीन पानं झाली. दोन्ही संच घेऊन मी तिच्यासोबतच निघाले, दुकान ह्यांच्यावर टाकून.

आबा ओसरीत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ताई, माझं मन राखायला इतक्या लांब आलात. लई झालं. पर आता गेलं ते गेलं."

"मन राखायला मला सवड नाही," मी म्हटलं. "दुकान उघडं टाकून आले. वाचायचं तर वाचा, नाहीतर मी चालले."

सून हसली. आबांनी हात पुढं केला. मी चोपन्नचा कागद दिला. ते उठून उजेडाकडं पाठ करून उभे राहिले, हात लांब केला आणि कागद थोडा जवळ, थोडा लांब करत राहिले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी मामाचं नाव वाचलं. मग मामाचं गाव. मग चालीवर सगळी ओळ. आतून नात पळत आली, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला असलं आवडत नाही, पण आलं.

लग्नात आबांनी माइक कोणाला दिला नाही. साठचा संच घेतला होता. एकही मामा सुटला नाही, एक आत्या तर दोनदा आली. डीजेवाला पेन ड्राइव्ह खिशात घालून अक्षता टाकत होता.

पंगतीत आबांनी मला शेजारी बसवून घेतलं. वाढपी निघून गेल्यावर हळूच म्हणाले, "ताई, तुमचा तो आकडा मला समजला. पडद्यावर अक्षर फुगलं, कागदावर बारीक आलं, मी फसलो. ठीक."

"मग?"

"पर त्या आठवड्यात ही नात रोज माझ्या समोर बसून जेवायची. मला तिचं तोंड दिसत न्हवतं. कागद न्हवे, तोंड. हातभर अंतरावर. आन् आज तिकडं मांडवात, एवढ्या लांबून, कसंनुसं का होईना, दिसलं." त्यांनी घास तसाच हातात धरला होता. "ते कशानं झालं? तेवढं सांगा."

मी म्हटलं, "आबा, जेवा. वरण गार होतंय."