सतरा की साडेसतरा

माझी आत्या ड्रॉइंग ऑफिसात लागली, तेव्हा चार वर्षं तिनं दुसऱ्यांचीच ड्रॉइंगं उतरवून काढली. खाली सही नेहमी साहेबांची. मग साहेबांनी तिला एका पंपाची बैठक पूर्ण स्वतः काढायला दिली. म्हणाले, "ही नीट जुळली, तर पुढच्या ड्रॉइंगवर सही तुझी. नाही जुळली, तर पुन्हा नकला."

बैठक म्हणजे वेल्डिंगची चौकट आणि वर जाड प्लेट. दोन्ही आरपार आठ बोल्टनी बांधायची. बोल्ट सोळा मिलिमीटरचे. भोकाच्या तक्त्यात तीन रकाने होते: फाइन सतरा, मीडियम साडेसतरा, कोर्स साडेअठरा. आत्यानं फाइन घेतलं. फाइन म्हणजे उत्तम, असं तिला वाटलं. पहिलंच काम, त्यात हात आखडता कशाला घ्यायचा?

जुळणीच्या दिवशी सहा बोल्ट गेले, दोन अडले. फिटरकाका गुडघ्यावर बसून भोकातून बॅटरीनं बघत होते.

"ताई, बोल्टला श्वास घ्यायला तरी जागा ठेवा की!"

"एक मिलिमीटर ठेवलीय, काका."

"वेल्डिंगनं चौकट ओढली. वरचं भोक खालच्यापासून सव्वा मिलिमीटर सरकलंय. तुमची जागा संपली."

आत्याचा चेहरा उतरला. काकांनी उपायही सांगून टाकला. "साडेअठरा पाडू. बोल्ट नाचत जातील."

"नाचायला नकोच आहेत," ती म्हणाली. तिनं पाटीवर खडूनं दोन भोकं काढली. "दोन्हीकडे साडेसतरा केलं, तर दीड मिलिमीटर सरकायला मिळतं. तुमचं सव्वा त्यात मावतं. साडेअठरा केलं तर बोल्टच्या डोक्याखाली टेकायला कमी लोखंड राहील, आणि प्लेट उगाच हलायला मोकळी."

साहेब मागे येऊन उभे राहिलेले तिला दिसलेच नव्हते.

"मग आधीच मीडियम का नाही घेतलं?"

"फाइन म्हणजे सगळ्यात चांगलं वाटलं. आता कळलं, वेल्डिंगच्या कामाला ते सोसत नाही."

साहेबांनी काकांना खूण केली. काकांनी भोकं मोठी करून घेतली, कचरा झटकला आणि बोल्ट हातानंच सोडले. एक, दोन, तीन... आठवा आत गेला तेव्हा काका ओरडले, "लागलं बुवा लग्न!" सगळं वर्कशॉप हसलं. आत्याही हसली, डोळे पुसत.

साहेबांनी ड्रॉइंग पुढे केलं. "सतरा खोडून साडेसतरा लिही. आणि बदल करणाऱ्यानंच खाली सही करायची असते."

तिनं पेन उचललं, आणि इतक्या घाईनं सही केली की आमच्या आडनावातलं एक अक्षर सहीच्या चौकटीबाहेर गेलं. ते ड्रॉइंग आजही आत्याच्या कपाटात आहे. विचारलं, की ती ते अक्षरच आधी दाखवते.