पंधरा इंचांचा हट्ट

तुंगाबाईंना कुणी सल्ला दिला की त्या नीट ऐकून घेत आणि मग बरोबर उलटं करीत. घरात हे सगळ्यांना पाठ होतं. त्यांची कॉफी कमी व्हावी असं वाटलं की त्यांचे यजमान श्रीहरी "अजून एक लोटा घेतेस का?" असं विचारत, आणि काम होऊन जाई. दुकानदार उपेंद्रला बिचाऱ्याला ही युक्ती कोण सांगणार? त्याने सरळ मनाने खरं तेच सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला.

बाई राहायच्या मैसूरच्या एका टोकाला, हिनकलला, आणि गणित शिकवायच्या दुसऱ्या टोकाला, वरुणेच्या बाजूला एका हायस्कुलात. म्हणजे सकाळी एक बस शहरातल्या स्टँडपर्यंत, तिथून दुसरी बस शाळेपर्यंत आणि संध्याकाळी हेच उलटं. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून त्या बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली तरी नशीब समजायचं. माफ झालं ते चांगलंच झालं, असं बाई ठणकावून सांगत, आणि पुढच्याच दमात गर्दीला शिव्या देत. घराणं मैसुरात कित्येक पिढ्यांचं. घरी मराठी बोलायचे खरे, पण रागावल्या की कन्नड, आणि खूप रागावल्या की दोन्ही एकदम.

लॅपटॉप घ्यायचं ठरलं ते पूजितासाठी. पूजिता नववीतली मुलगी. डोळ्यांच्या आतल्या पडद्यातच जन्मापासून दोष, जाड चष्मा लावूनही फळ्यावरचं काही दिसत नसे. वही, पुस्तक, सगळं नाकाला लावून वाचायची. पण डोकं असं, की तोंडी सांगितलेलं गणित बाकीची पोरं वहीत उतरवून घेईपर्यंत हिचं उत्तर तयार. भूमितीपाशी मात्र अडायची, कारण पुस्तकातल्या आकृत्या म्हणजे तिला मुंग्यांची रांग. एकदा तिने बाईंना सांगितलं होतं, "मिस, मला तुमच्यासारखं गणित शिकवायचंय." बाई त्या दिवशी घरी येऊन श्रीहरींना म्हणाल्या, "माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे कुणी म्हणालं नाही हो." आणि पदराने डोळे पुसले. तेव्हापासून ही पोर गणितात पुढे गेलीच पाहिजे, हे त्यांनी मनावर घेतलं.

बेत साधा होता. रोजचा धडा घरी मोठ्या अक्षरांत टाइप करायचा, आकृत्या ठळक काढायच्या आणि वर्गात लॅपटॉप पूजिताच्या बाकावर ठेवायचा. उपेंद्रने दोन लॅपटॉप समोर मांडले. एक चौदा इंची, सव्वा किलोचा, चार्जर जवळजवळ फोनच्या चार्जरएवढा. दुसरा साडेपंधरा इंचाच्या वर, वजन दोन किलोच्याही पुढे, आणि चार्जरची विटेएवढी डबी वेगळीच.

"मॅडम, बसने जाता ना? मग हाच घ्या," उपेंद्र लहान्यावर हात ठेवून म्हणाला. "दुकानात दोन्ही हलकेच वाटतात. खांद्यावर घेऊन अर्धा तास उभं राहिल्यावर कळतं. आणि अक्षर मोठं करायचं तर ते यातही होतंच की."

"अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. आकृती मावायला नको?" बाई म्हणाल्या. पर्समधून टेप काढली, दोन्ही पडदे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजले आणि तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला. "क्षेत्रफळ जवळजवळ पाव पट जास्त आहे. पाव पट म्हणजे सुम्ने, उगीच झालं का?"

उपेंद्रने बरोबर आलेल्या श्रीहरींकडे पाहिलं. श्रीहरींनी नजर पंख्याकडे वळवली. एकवीस वर्षांचा संसार उगाच झाला नव्हता. मोठा लॅपटॉप घरी आला.

आता मैसूरच्या बसमध्ये एक चांगली रीत आहे. उभ्या माणसाच्या हातात पिशवी दिसली की बसलेला माणूस न विचारता हात पुढे करतो आणि ती मांडीवर घेतो. ओळख लागत नाही, आभारही कुणी मानत नाही. बाईंची जुनी पिशवी वर्षानुवर्षं अशीच कुणाकुणाच्या मांडीवर बसून शाळेला गेली होती. लॅपटॉपच्या नव्या पिशवीचंही पहिले काही दिवस स्वागत झालं. मग नेहमीच्या बायकांना वजन कळलं. लॅपटॉप, त्याची वीट, डबा, पाण्याची बाटली, तपासायचे पेपर. बाई चढल्या की कुणाला खिडकीबाहेर अचानक काहीतरी दिसे, कुणाला डुलकी लागे. एक म्हातारी तर मांडीवर पिशवी घेऊन म्हणाली, "यात काय दळायचं जातं आणलंय का घरून?" बाई हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासून पिशवी खांद्यावरच ठेवू लागल्या. चार्जर घरी ठेवावा, तर एवढ्या पडद्याची बॅटरी शेवटच्या तासापर्यंत पुरेना. लॅपटॉप शाळेत ठेवावा, तर उद्याचा धडा टाइप कशावर करायचा?

वर्गात त्यांनी लॅपटॉप बाकाच्या पार पलीकडच्या कडेला ठेवला. "ताठ बस. नाक घालायचं नाही आता. लांबून बघ, डोळे आणखी बिघडतील." आपल्याकडे प्रत्येक आई आणि प्रत्येक शिक्षक हेच सांगतो, आणि बाई तर दोन्ही होत्या. पूजिता ताठ बसे. बाई फळ्याकडे वळल्या की हळूच वाके, पार ओणवी होऊन पडद्यापाशी जाई. बाई वळल्या की परत ताठ. जड लॅपटॉप तिला उचलून धरता येत नव्हता, आणि उचलायचं तिच्या मनातही आलं नसेल. मिसने तिच्यासाठी घेतलेली वस्तू होती ती. "दिसतं ना?" बाई विचारत. "दिसतं, मिस," ती म्हणे.

नववी अशी गेली. दहावी लागली तेव्हा बाईंचा उजवा हात डोक्याच्या वर जाईना, वेणी श्रीहरींना घालावी लागे. डॉक्टरने ओझं बंद करायला सांगितलं. आता डॉक्टरही सल्लाच देत होता म्हणा. पण दुखणं काही हट्ट ऐकत नाही. बाईंनी आठवड्यातून एक दिवस लॅपटॉप घरी ठेवला, मग दोन दिवस, मग पाऊस असेल तो दिवस, पेपरांचे गठ्ठे असतील तो दिवस. पूजिता रोज दारातच बाईंच्या खांद्याकडे बघे, पिशवी आहे की नाही ते. नसली तर सरळ आपल्या बाकावर जाई.

दहावीला नजर अधू असलेल्या मुलांना गणिताऐवजी समाजशास्त्र घेता येतं. सवलत चांगलीच आहे, ज्याला हवी त्याच्यासाठी. एक दिवस हेडमास्तर दत्तोजीराव सहज म्हणाले, "तुमच्या पूजिताने गणित सोडलं बरं का. आईवडिलांची सही आली, नावंही बोर्डाकडे गेली." बाईंना वाटलं, चेष्टा करतायत. पूजिताला गाठून विचारलं, तर ती खाली बघून म्हणाली, "जमेना, मिस." बाई चिडल्या. नको ते बोलल्या. एवढं करूनही पोरीने हात टेकले, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. चार दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत.

मग बाईंची मुलगी प्रार्थना बेंगळुरूहून आठवडाभर घरी आली. आईचा खांदा पाहून तिने मोठा लॅपटॉप कपाटात कोंडला आणि स्वतःचा लहान आईच्या पिशवीत घातला. "वाद घालू नकोस, अम्मा. माझं काम या आठवड्यात फोनवर भागेल." बसमध्ये एका बाईने पिशवी मांडीवर घेतली आणि स्टँड येईपर्यंत तिला पिशवीची आठवणसुद्धा राहिली नाही.

शाळेत मधल्या सुट्टीत बाई वर्गात बसून उंची आणि अंतराच्या गणितांच्या आकृत्या नीट करत होत्या. पूजिता वही द्यायला आली, घुटमळली. अबोला बाईंनाही जड झाला होता. "बघायचंय? बघ," म्हणून त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

पूजिताने तो पुस्तकासारखा दोन्ही हातांनी उचलला. उचलून नाकापाशी नेला. बाई सवयीने "लांब धर" म्हणणार होत्या, पण पोरीचा चेहरा पाहून थांबल्या. ती पडदा डावीकडून उजवीकडे सरकवत वाचत होती, जरासुद्धा न अडखळता. "मिस, हा कोन तीस अंशांचा आहे ना? मग खांबाची उंची..." आणि तिने उत्तर सांगितलं. बरोबर. दुसरं सांगितलं. तेही बरोबर. तिसऱ्यात बाईंनी टाइप करताना केलेली चूक तिने दाखवून दिली.

बाई खुर्चीवर बसून राहिल्या. वस्तू अर्ध्या अंतरावर आणली की डोळ्याला दुप्पट मोठी दिसते. हे त्या दर वर्षी याच धड्यात शिकवत होत्या, खांब आणि बुरूज घेऊन. दुकानात पाव पट क्षेत्रफळासाठी भांडल्या आणि अंतराचा विचारच केला नाही. उलट पोरीला लांब बसवलं. जवळ धरल्याने अधू डोळे आणखी बिघडत नाहीत, हे एका शब्दाने डोळ्यांच्या डॉक्टरला विचारता आलं असतं. आणि पूजिताला विचारायला तर डॉक्टरही लागत नव्हता. दुकानात तिला बरोबर नेलं असतं तरी पुरे होतं.

"आधी का नाही बोललीस ग?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही एवढं जड माझ्यासाठी आणत होतात, मिस. त्यात हे नको, दुसरं हवं, असं कसं सांगायचं?" ती म्हणाली. "आणि तुमचा हात वर जात नाही, ते मला दिसतं. फळा तुम्ही डाव्या हाताने पुसता. मी गणित सोडलं की तुम्हाला आणावं लागणार नाही, असं वाटलं."

बाई उठून तडक दत्तोजीरावांकडे गेल्या. नाव परत फिरवता येईल का, कुणाला भेटावं लागेल, मी स्वतः जाते, असं एका दमात बोलल्या. दत्तोजीराव माणूस चांगला, त्यांनी त्यांच्यासमोरच दोन फोन लावले. मुदत गेली होती. यंदा काही होणार नव्हतं. "बिडी, जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले, "मुलगी पास होईल हे काय कमी आहे?" बाईंनी मान हलवली. पास तर ती झोपेतही झाली असती. पण दहावीला गणित नाही म्हणजे पुढेही नाही, आणि गणित शिकवणारी पूजिता तर कधीच नाही.

त्या परत आल्या तेव्हा पूजिता अजून वाचत होती. बाईंना सांगावं लागलं नाही, तिने पावलांवरूनच ओळखलं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. पुढचा तास गणिताचा होता. बाकीची मुलं आत येऊ लागली, तशी पूजिताने लॅपटॉप हलकेच मिटून बाईंच्या टेबलावर ठेवला, दप्तरातून समाजशास्त्राचं पुस्तक काढलं आणि ती शेजारच्या खोलीत गेली. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर धडा सुरू केला.