तारखा आणि सर्व्हे नंबर

कॉलेजात असताना मुंबईच्या एका संस्थेत मला संगणकावर काम मिळालं. फायलीत आमच्या कडेगावकडच्या विहिरींच्या नोंदी होत्या. त्या क्रमाने लागाव्यात म्हणून तारखांत वर्ष आधी आणायचं होतं. दोन आकडे, तिरकी रेघ, दोन आकडे, रेघ, दोन आकडे असं दिसेल तिथे आडव्या रेघा घालून उलटं कर, असा हुकूम मी दिला. तारखा उलटल्या, पण ११२/१४/०६ हा सर्व्हे नंबरही १०६-१४-१२ झाला. नंबर बिघडला की विहीर कुणाची हेच कळणार नव्हतं. नशीब, ती फायलीची नक्कल होती.

वडूजचा एक सीनियर हसला. "गड्या, तू जमिनीलाच तारीख लावलीस. तारखेच्या ओळीला आधी डी हाय न्हवं? सुरुवातीला डी आन तारखेनंतर लगेच ओळीचा शेवट, अशी दोनी टोकं बांध."

ताज्या नकलेवर मी तसं बांधलं. यंत्राने फक्त प्रश्नचिन्ह दाखवलं, एकही तारीख बदलली नाही. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. काय चुकलं ते यंत्र सांगेना आणि सीनियर जेवायला गेलेला. जेवणाची सगळी सुट्टी वाया गेली.

शेवटी वैतागून, न दिसणारं काही आहे का ते बघायला, मी एका ओळीतल्या मोकळ्या जागांच्या ठिकाणी टिंबं घातली. तारखेनंतर टिंबांची रांगच लागली. नोंदी भोकं पाडलेल्या कार्डांवरून संगणकात आल्या होत्या आणि कार्डाचा रिकामा भागही सोबत आला होता; म्हणजे तारखेनंतर लगेच ओळ संपतच नव्हती. शेवटाआधी कितीही मोकळ्या जागा चालतील, एवढी भर घातल्यावर फक्त तारखा बदलल्या.

सीनियर परतला तेव्हा काम झालं होतं; त्याला टिंबांची रांग दाखवून मी थकलेला जेवायला उठलो.